किल्ली डब्यात आहे का?
परदेशातील नातवंडांसाठी मराठीचे काही घरगुती खेळ

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या बहुतेक कुटुंबांत मराठीची स्थिती एकसारखीच दिसते. आई-वडील मराठीत बोलतात, मुलांना ते सारे समजते आणि मुले उत्तर इंग्रजीत देतात. ‘जेवायला ये’ म्हटले की मूल येते, ‘चपला बाहेर काढ’ म्हटले की काढते. मात्र सुटीत सांगलीला किंवा बार्शीला आल्यावर आजीशी चार वाक्ये सलग बोलायची वेळ आली की ते गप्प होते. नातेवाईक म्हणतात, ‘लाजते आहे.’ काही अंशी ते खरेही असते. पण त्या गप्प बसण्यामागे भाषेचे एक निश्चित कारण असते आणि ते ओळखले तर घरातल्या घरात त्यावर उपाय करता येतो.

अशा मुलाकडे शब्द पुरेसे असतात. ‘डबा’, ‘किल्ली’, ‘पोळी’, ‘खिसा’ हे सारे त्याला ठाऊक असते. अडचण येते ती एक शब्द दुसऱ्याला जोडताना. मराठीत ‘डबा’ या शब्दाला ‘त’ लागताच त्याचे रूप पालटते आणि ‘डब्यात’ होते. खिशाचे ‘खिशात’, शाळेचे ‘शाळेत’, भिंतीचे ‘भिंतीवर’. व्याकरणात यास सामान्यरूप म्हणतात. इंग्रजीत ही भानगड नाही. तेथे वस्तूचे नाव जसेच्या तसे राहते आणि त्याच्या आधी एक छोटा शब्द येतो. म्हणून परदेशात वाढलेले मूल ‘किल्ली डबा मध्ये आहे’ असे म्हणते, ऐकणारे हसतात आणि पुढच्या वेळी ते मूल इंग्रजीचाच आश्रय घेते.

दुसरी अडचण भूतकाळाची. ‘वाघाने पोळी खाल्ली’ या वाक्यात वाघ पुल्लिंगी असूनही क्रियापद पोळीच्या मागे जाते. लाडू असेल तर ‘खाल्ला’, केळे असेल तर ‘खाल्ले’. मूल मात्र ‘वाघ पोळी खाल्ला’ म्हणते. या दोन अडचणी दूर झाल्या की बोलण्यातला बराचसा अडथळा जातो. नियम पाठ करून त्या जात नाहीत, कारण पाच वर्षांच्या मुलाला सामान्यरूप म्हणजे काय हे समजावण्यात अर्थ नाही. योग्य रूप शंभर वेळा कानावर पडावे आणि पन्नास वेळा तोंडातून निघावे, एवढाच मार्ग आहे. इतक्या वेळा कंटाळा न येता बोलावयाचे तर ते खेळातच शक्य होते.

खेळ निवडताना एकच कसोटी लावावी: मराठी वाक्य बोलल्याखेरीज खेळ पुढे सरकतो का? बाजारात मिळणाऱ्या अक्षरांच्या तक्त्यांत व चित्रांच्या पत्त्यांत बहुधा हीच उणीव असते. मूल बोट दाखवते, पालक ‘शाब्बास’ म्हणतात आणि कोणीच काही बोलत नाही.

किल्लीचा खेळ

यासाठी खर्च काहीच नाही. एक जुनी किल्ली घ्यावी. एकाने ती खोलीत लपवावी आणि इतरांनी जागेवर बसून, न उठता, प्रश्न विचारीत ती शोधावी. प्रश्न पूर्ण वाक्यात असावा: ‘किल्ली डब्यात आहे का?’ लपवणाऱ्याने नुसते ‘नाही’ म्हणू नये. ‘नाही, डब्यात नाही’ असे उत्तर द्यावे. हा दुसरा नियम वरकरणी क्षुल्लक वाटतो, पण सारा खेळ त्यावरच उभा आहे. मूल चुकून ‘डबा मध्ये आहे का?’ असे विचारील, तेव्हा त्याला थांबवून दुरुस्त करावयाचे नाही. ‘डब्यात? नाही, डब्यात नाही’ असे उत्तर दिले की योग्य रूप दोनदा कानावर पडते आणि मुलाचा पाणउताराही होत नाही.

जागा मात्र विचारपूर्वक ठरवाव्यात. पहिल्या आठवड्यात ‘आ’ने संपणारे पुल्लिंगी शब्द घ्यावेत: डबा, खिसा, कोपरा, पडदा, पंखा. म्हणजे डब्यात, खिशात, कोपऱ्यात, पडद्यामागे, पंख्याखाली. यांत बदल ठळक असतो आणि तो सर्वत्र साधारण एकाच वळणाचा असतो. दुसऱ्या आठवड्यात बदल न होणारे ‘ई’कारान्त स्त्रीलिंगी शब्द मिसळावेत: पिशवीत, बादलीत, खुर्चीखाली. त्यानंतर कपाट, ताट, दप्तर यांसारखे शब्द आणावेत. त्यांना केवळ ‘आ’ जोडला जातो: कपाटात, ताटाखाली, दप्तरात. सर्वांत शेवटी अकारान्त स्त्रीलिंगी शब्द घ्यावेत, कारण तेथे भाषा खरोखरच लहरी आहे. ‘खाट’ची ‘खाटेखाली’ होते आणि ‘भिंत’ची ‘भिंतीमागे’. का, ते सांगता येत नाही. ऐकूनच लक्षात ठेवावे लागते.

येथे पुष्कळ आजी-आजोबांचा आग्रह असतो की खेळात इंग्रजी शब्द मुळीच नकोत. हा आग्रह सोडलेला बरा. सोफा, बॅग, टेबल, फ्रिज या वस्तू त्या घरात आहेत आणि मराठीने त्यांना केव्हाच आपले प्रत्यय लावले आहेत. ‘सोफ्यावर’, ‘बॅगेत’, ‘टेबलाखाली’ असे मूल म्हणाले तर ते अस्सल मराठीच बोलत आहे. उलट ‘मंजूषा मध्ये’ म्हणणारे मूल शुद्ध शब्द वापरूनही मराठी चुकलेले असते.

खेळाची गाडी रुळावरून घसरली हे कसे ओळखावे? पहिली खूण म्हणजे मूल प्रत्येक वाक्यानंतर मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. याचा अर्थ त्याला खेळ ही परीक्षा वाटू लागली आहे. अशा वेळी मोठ्यांनी स्वतः शोधणारे व्हावे, मुलाला लपवू द्यावे आणि मुद्दाम वेड्यावाकड्या जागा विचाराव्यात: ‘किल्ली आजोबांच्या मिशीत आहे का?’ दुसरी खूण म्हणजे रंग चढताच भावंडे आपसांत इंग्रजी बोलू लागतात. ते होऊ द्यावे. खेळातील चाल मराठीत असावी, हसणे-भांडणे कोणत्याही भाषेत चालेल, एवढाच करार मुले पाळतात. त्याहून कडक करार केला तर तिसऱ्या दिवशी कोणी खेळायला येत नाही. आणि दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ खेळू नये. रंगात असतानाच थांबवलेला खेळ दुसऱ्या दिवशी मुलेच मागून घेतात.

काल हत्तीने काय खाल्ले?

भूतकाळाचा प्रश्न रोजच्या बोलण्यातून सुटत नाही, याचे कारण मौजेचे आहे. घरात मूल बहुधा स्वतःविषयी बोलते: ‘मी लाडू खाल्ला.’ येथे ‘मी’ला ‘ने’ लागलेला दिसतच नाही. आई विचारते, ‘तू लाडू खाल्लास का?’ तेथेही नाही. ‘ने’ हा तृतीय पुरुषातच उघडपणे भेटतो: आजीने, वाघाने, मुलाने. आणि तृतीय पुरुष घरगुती आज्ञा-सूचनांत कमी, गोष्टीत पुष्कळ असतो. म्हणून या अडचणीवर गोष्ट हाच उपाय ठरतो.

प्रारंभ स्मरणशक्तीच्या साखळीने करावा. पहिला म्हणतो, ‘काल हत्तीने एक लाडू खाल्ला.’ दुसऱ्याने ते उच्चारून आपली भर घालावी: ‘काल हत्तीने एक लाडू खाल्ला आणि एक पोळी खाल्ली.’ तिसरा: ‘एक लाडू खाल्ला, एक पोळी खाल्ली आणि एक केळे खाल्ले.’ जो विसरेल तो बाद. नुसते पदार्थांची नावे घेतलेली चालत नाहीत, क्रियापद प्रत्येक वेळी म्हणावयाचे. असे केल्याने लिंगाचा तक्ता न दाखवताच लाडू तो, पोळी ती, केळे ते हे मुलाच्या जिभेवर बसते. पदार्थ निवडताना तिन्ही लिंगे फिरती राहतील एवढे पाहावे: पेढा, आंबा, पापड, जिलेबी, भाकरी, करंजी, वरण, सफरचंद, श्रीखंड.

आठवडाभरानंतर क्रियापद बदलावे. हत्तीने बाजारातून काय आणले, कोणाला काय दिले, दुकानात काय विकले. पण दोन-तीन क्रियापदांपासून आरंभी दूर राहावे. ‘पिणे’ हे त्यांतील पहिले. आपण ‘हत्ती पाणी प्याला’ म्हणतो, ‘हत्तीने पाणी प्याले’ असे म्हणत नाही. ‘शिकणे’ व ‘विसरणे’ यांचेही तसेच: ‘ती गाणे शिकली’, ‘तो डबा विसरला’. खाण्याच्या पाठोपाठ पिणे आणण्याचा मोह होतो आणि मुलाचा नुकताच बसू लागलेला सूर मोडतो. ‘खाणे’ पक्के झाल्यावर, महिन्याभराने, ही अपवादाची क्रियापदे आणली तर मुले त्यांचा फरक स्वतःच टिपतात.

साखळीनंतर लोककथेकडे वळावे. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट यासाठी विशेष उपयोगी पडते, कारण तिच्यात एकच प्रसंग पुनःपुन्हा येतो. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत जनावर भेटते, ते खायला उठते, म्हातारी त्याला वायदा देते. पुढचे जनावर, पुन्हा तोच संवाद. दुसऱ्या जनावरापर्यंत मुलाला संवाद पाठ होतो आणि तिसरे जनावर ते स्वतः होऊ शकते. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतही दार ठोठावणे व उत्तर मिळणे असेच पुनःपुन्हा येते. एखादी गोष्ट ‘बोधप्रद’ आहे म्हणून निवडण्यापेक्षा तिच्यात अशी पुनरावृत्ती आहे का, हे पाहणे अधिक उपयुक्त.

एका घराचे उदाहरण घेऊ. न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणारे हे कुटुंब. वडील सांगलीकडचे, आईचे माहेर गुजरातीभाषक, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा. आजी सांगलीला. रविवारी सकाळी तेथील नऊ वाजता, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडील सायंकाळी साडेसहा वाजता व हिवाळ्यात साडेसात वाजता, आजीशी व्हिडिओवर बोलणे होते. एरवी हे बोलणे ‘जेवलास का, शाळा कशी आहे’ यातच संपे. मुले ‘हो’, ‘छान’ एवढेच म्हणत आणि पळून जात. यात मुलांचा दोष नव्हता. ज्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येते त्याला कोणीही एकाच शब्दात उत्तर देईल.

आजीने मग गोष्ट चुकीची सांगावयास प्रारंभ केला. ‘एक होती म्हातारी. ती निघाली आपल्या मुलाकडे.’ धाकटा ओरडला, ‘नाही! लेकीकडे!’ आजी म्हणाली, ‘बरे, लेकीकडे गेली. वाटेत तिला भेटला एक उंदीर.’ आता मुलगी म्हणाली, ‘उंदीर नाही, वाघ भेटला.’ येथे आजीने एक युक्ती केली. ‘मला नीट ऐकू आले नाही, कोणाला कोण भेटले?’ असे तिने विचारले, आणि मुलीला पूर्ण वाक्य बोलावे लागले: ‘म्हातारीला वाघ भेटला.’ ‘म्हातारीला’ हे रूप बरोबर आले. पुढे आजीने विचारले, ‘मग म्हातारी पेटीत बसली की भोपळ्यात बसली?’ हा प्रश्न मुद्दाम असा आहे. त्यात ‘भोपळ्यात’ हे अवघड रूप आजीनेच पुरवले आहे आणि मुलाला ते फक्त उचलावयाचे आहे. ‘म्हातारी कशात बसली?’ असे विचारले असते तर पाच वर्षांचा मुलगा ‘भोपळा’ एवढेच म्हणून थांबला असता.

सुरुवातीला धाकटा तुटक शब्दच बोले. हळूहळू तो ‘वाघाने म्हातारीला सोडले’ अशी वाक्ये करू लागला. दोन गोष्टी मात्र जमल्या नाहीत. थोरलीला तीच गोष्ट तिसऱ्यांदा नकोशी झाली, म्हणून तिला गोष्ट सांगणाऱ्याची जागा द्यावी लागली आणि चूक पकडण्याचे काम आजीकडे आले. दुसरे म्हणजे आजीच्या बोलण्यातील ‘गेलं’, ‘खाल्लं’ आणि पुस्तकातील ‘गेले’, ‘खाल्ले’ यांचा गोंधळ. ‘पिल्लू घरी गेले’ असे छापलेले वाचून मुलीने विचारले, पिल्ले किती होती? तिच्या दृष्टीने ‘गेले’ म्हणजे अनेक जण गेले. बोलतो तो अनुस्वार पुस्तकात मात्रा होऊन येतो, हे मुलांना एकदा उलगडून सांगावेच लागते. वाचनाकडे वळणाऱ्या जवळपास प्रत्येक मुलाला येथे ठेच लागते.

अक्षरांचे पत्ते आणि कान

वाचनाचा आरंभ ‘अ’ अननसाचा येथून करण्याची आपली परंपरा आहे. परदेशातील मुलाच्या बाबतीत थोडे निराळे करावे. शाळेत त्याला इंग्रजी अक्षरे येतातच, तेव्हा त्याला ओढ असते ती शब्द वाचण्याची. म्हणून क, म, ल, र, न, प, स, त, ग, व अशी दहाच अक्षरे जाड कागदाच्या पत्त्यांवर काढावीत. एवढ्यातून मगर, नगर, गरम, रस, मन, वन, गवत, परत असे शब्द मात्रेविना जुळतात. मग एक काना द्यावा. नाक, कान, पान, गाल, मासा, तारा, वारा असे कितीतरी शब्द त्याच दिवशी वाचता येतात. मात्रा पारदर्शक कागदाच्या पट्ट्यांवर काढून पत्त्यावर ठेवल्या तर ‘न’वर काना ठेवताच ‘ना’ झाला हे मूल डोळ्यांनी पाहते. पहिली वेलांटी अखेरीस ठेवावी. ती अक्षराच्या डावीकडे बसते आणि उच्चारात मागाहून येते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे वाचणारे मूल हमखास गोंधळते.

दिसण्यात सारखी अक्षरे एकत्र शिकवू नयेत. घ-ध, भ-म, थ-य, ब-व या जोड्यांतील एक पक्के झाल्यावरच दुसरे आणावे. ‘ख’ हा ‘रव’ असा वाचला जातो, याकडेही लक्ष असावे. आणखी एक व्यावहारिक बाब: मराठी पुस्तकातील ‘ल’ व ‘श’ आणि संगणकाच्या पडद्यावर बहुधा दिसणारे हिंदी वळणाचे ‘ल’ व ‘श’ यांचा आकार निराळा असतो. पत्ता करताना दोन्ही आकार मागे-पुढे काढून ठेवले की ‘हे नवे अक्षर कोणते?’ हा प्रश्न पडत नाही.

मुले अक्षर ओळखतात तरी शब्द का अडखळतो? पुष्कळदा दोष कानाचा असतो. इंग्रजीत शब्दाच्या आरंभीचे ‘क’, ‘प’ हे किंचित हवा सोडीत उच्चारले जातात, पण त्यामुळे अर्थ बदलत नाही. म्हणून तेथे वाढलेल्या मुलाचा कान ‘क’ आणि ‘ख’ यांतील भेदाकडे दुर्लक्ष करावयास शिकलेला असतो. त-ट आणि द-ड यांतही तसेच. यासाठी जोड्यांचा खेळ आहे. दोन-दोन पत्ते मांडावेत: कडू-खडू, गार-घार, दार-धार, ताक-टाक, वेल-वेळ, काल-काळ. मोठ्याने तोंडापुढे कागद धरून, ओठ झाकून, एक शब्द म्हणावा आणि मुलाने त्या पत्त्यावर चिंचोका ठेवावा. ‘खडू’ म्हणताना कागदाची कड हलते, ‘कडू’ म्हणताना जवळजवळ हलत नाही, हे पाहून मुलांना मोठे नवल वाटते. ऐकून ओळखणे जमेपर्यंत म्हणावयास लावू नये. ऐकू न आलेला भेद तोंडातून येणार नाही. ‘च’ व ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार (चिमणीतला निराळा, चाकातला निराळा, जिभेतला निराळा, जाळ्यातला निराळा) लिपीत दाखवलेलेच नसतात. ते केवळ ऐकूनच येतील, त्यासाठी पत्ते करू नयेत.

शब्दांच्या भेंड्या हा त्यानंतरचा खेळ. सोप्या प्रकारात केवळ शेवटच्या अक्षराचे व्यंजन घ्यावे: चिमणी, नदी, दगड, डबा, बदक, कमळ, लगोरी, रवा, वाटी, टोपी, पाणी, नथ, थाळी. कठीण प्रकारात मात्रेसह अक्षर घ्यावे: शाळा, लाडू, डुलकी, किल्ली, लिंबू, बुंदी, दिवा, वाटी. ऱ्हस्व-दीर्घाची सूट द्यावी, अन्यथा ‘डू’वरच खेळ संपेल. ‘ळ’ आला तर ‘ल’ घ्यावा आणि ‘ण’ आला तर ‘न’, कारण मराठी शब्द या दोन अक्षरांनी सुरू होत नाहीत. आपल्या घरांत मात्र एक हुशार मूल निघतेच, जे ‘ण’ येताच ‘णमोकार’ म्हणून डाव जिंकते. शब्द प्राकृत आहे अशी तक्रार करता येईल, पण कोणत्या आजीला ती करवेल?

दुकान-दुकान

व्यापारी घराण्यातील मुलांना दुकानाचा खेळ वेगळा शिकवावा लागत नाही. तराजू नसला तरी वाण्याचा आव त्यांना जन्मतःच असतो. या खेळाचा उपयोग मराठी संख्यांसाठी करावा, कारण परदेशात सर्वांत आधी विसरले जातात ते आकडे. मराठीत एकवीस म्हणताना एकक आधी येतो आणि इंग्रजीत दशक. शिवाय एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांत ‘एक कमी’ असा हिशेब दडलेला असतो. महाराष्ट्रातच 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी नवी रीत आली तेव्हा केवढा वाद झाला होता, हे स्मरत असेल. एकवीस ते नव्व्याण्णव एकदम पाठ करून घेण्याऐवजी दुकानात लागतील त्या संख्यांपासून सुरुवात करावी.

शेंगदाण्याचा भाव बारा डॉलर किलो ठेवावा. गिऱ्हाईक विचारते, ‘दीड किलोचे किती?’ दुकानदार हिशेब करतो: अठरा. सव्वा किलोचे पंधरा, पाऊण किलोचे नऊ, अडीच किलोचे तीस. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे सात शब्द आले की निम्मे काम झाले. साडेतीनपासून पुढे सारे सरळ आहे. मुले ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ म्हणतात. ती चूक तर्कशुद्ध आहे, म्हणून हसू नये. दुकानदाराने ‘दीड का? देतो दीड’ असे म्हणावे आणि पुढे चालावे. हेच शब्द घड्याळ सांगताना व ‘दीडशे’, ‘अडीचशे’ म्हणताना पुन्हा भेटतात.

मुलाचे स्वतःचे पुस्तक

खेळातून बोलणे सुटते, सुटे शब्द वाचता येतात, पण सलग वाचन आपोआप येत नाही. जोडाक्षरे हा मोठा अडसर असतो, आणि अकरा-बारा वर्षांची मुले तर किल्ली लपवण्याच्या खेळाला तयारच होत नाहीत. वाचनाचे साहित्य आता दुर्मीळ नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके संगणकावर विनामूल्य मिळतात, 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक वाचता येतात, प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर सोप्यापासून कठीणापर्यंत पायऱ्या लावलेल्या मराठी गोष्टी आहेत. अडचण एवढीच की आठ वर्षांच्या मुलाला वाचता येईल असे पुस्तक चार वर्षांच्या मुलाच्या आवडीचे असते. पहिलीच्या पुस्तकातील ‘कमल, नमन कर’ वाचून त्याला आपण लहान ठरवले गेलो असे वाटते.

एडिसनच्या घरात यावर असा तोडगा काढला गेला. मुलीने गोष्ट तोंडी सांगावयाची आणि वडिलांनी ती जशीच्या तशी मोठ्या अक्षरांत लिहावयाची, सहाच वाक्ये, एका पानावर एक. शब्द मुलीचेच ठेवावयाचे, फक्त रूपे चुकली असतील तर लिहिताना नीट करावयाची. तिची पहिली गोष्ट अशी होती: ‘एक हत्ती होता. त्याला भूक लागली. तो दुकानात गेला. त्याने दीड किलो पेढे घेतले. त्याच्या खिशात पैसे नव्हते. दुकानदाराने त्याला भांडी घासायला लावले.’

दुसऱ्या दिवशी तिने ते वाचले. वाक्ये स्वतःचीच असल्यामुळे पुढे काय येणार हे तिला ठाऊक होते, म्हणून ‘त्याच्या’, ‘नव्हते’ या जोडाक्षरांवर ती अडली तरी थांबली नाही. ती पाठ म्हणते आहे की खरोखर वाचते आहे, हे पाहण्यासाठी तिसऱ्या दिवशी वडिलांनी सहा पाने उलटसुलट करून दिली आणि योग्य क्रम लावण्यास सांगितले. दोन पाने चुकली. ‘त्याने’ आणि ‘त्याच्या’ यांचा आरंभ सारखा असल्याने ती पहिल्या अक्षरावरूनच अंदाज बांधीत होती. मग तेवढ्याच दोन शब्दांचे पत्ते करून ते किल्लीच्या खेळात लपवले गेले.

रविवारी मुलीने ती सहा पाने कॅमेऱ्यासमोर धरून आजीला वाचून दाखवली. आजीने विचारले, हत्तीने किती भांडी घासली? मुलगी थोडा विचार करून म्हणाली, ‘एकोणतीस.’ आणि सातवे पान लिहावयास बसली.